बेचाळिसावा कोण?

पुंजाराम म्हस्के यांना 'दमलात का' असं कुणी विचारलं की ते आधी घड्याळाकडे बघतात. जणू दमण्याची वेळ ठरलेली आहे आणि ती अजून व्हायची आहे. मग म्हणतात, "नाय, चाललंय." मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बारा वर्षं बसते आहे. त्यातली शेवटची पाच-सहा वर्षं तरी हा माणूस सकाळी येतो तोच दमलेला येतो, हे मी शपथेवर सांगेन.

बजाजनगरहून ते रोज मोटारसायकलवर येतात. वाळूजजवळच्या पंढरपूरची गर्दी, नगर नाक्याचा सिग्नल, मग सगळा जालना रोड. सिडकोत कॅनॉट बाजारपेठेच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर आमची कंपनी. लिफ्ट आहे, पण ती महिन्यातले पंधरा दिवस सुटीवर असते. जिना चढून आले की ते हेल्मेट टेबलाखाली ठेवतात, कंबर दाबतात आणि खुर्चीवरची उशी दोनदा झटकतात. त्यांच्या उशीत एवढी धूळ येते कुठून, हे मला अजून कळलेलं नाही.

आम्ही परीक्षा घेतो, म्हणजे दुसऱ्यांच्या परीक्षा ऑनलाइन घेऊन देतो. मी सोनिया. तक्रारीचा फोन माझ्याकडे असतो, त्यामुळे स्वभाव थोडा तिखट झालाय, आधी नव्हता. पुंजाराम प्रोग्राम लिहितात. एक्कावन्न वर्षांचे आहेत आणि कंपनीचा मालक आकाश चौतीसचा. तो त्यांना 'सर' म्हणतो आणि सर म्हणून झालं की आपल्यालाच हवं ते करतो.

पुंजाराम काही कॉलेजातून थेट कॉम्प्युटरपुढे आलेले नाहीत. मूळचे बिडकीनकडचे. बारावीनंतर वाळूजला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागले आणि नऊ वर्षं तिथं बिनकार्डं लिहिली. बिनकार्ड म्हणजे स्टोअरच्या प्रत्येक खणावर लटकवलेलं एक जाड कार्ड: या खणात नट-बोल्ट किती, आले किती, गेले किती. त्या कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तो स्टोअरमध्येच, आणि त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं म्हणून यांनी लावला. पुढं शिफ्ट सांभाळून पदवी केली. आमच्याकडं नवी पोरं आली की ते त्यांना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ऐकवतात. ती मला पाठ झालीय, माझा प्रोग्रामिंगशी काडीचा संबंध नसताना.

ती गोष्ट अशी. चलन, म्हणजे मालाबरोबरची पावती, आलं की लगेच बिनकार्डावर आकडा चढवायचा नाही. आधी माल बघायचा, खणात ठेवायचा, मग कार्ड लिहायचं. नाहीतर खणात शंभर आणि कार्डावर एकशे वीस, आणि वरिष्ठ कार्डावर विश्वास ठेवतात, खणात कुणी हात घालत नाही.

हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढं जे झालं ते त्याच गोष्टीवर झालं.

एका संस्थेची परीक्षा आम्ही नऊ वर्षं घेतोय. मराठवाड्यातल्या दहावी झालेल्या मुलांमधून पहिली दोनशे निवडायची, त्यांना दोन वर्षं राहणं, जेवण, शिकवणी सगळं फुकट. बसतात नव्वद हजारांवर. परीक्षा तीन दिवस चालते आणि पोरांना आपला नंबर कितवा हे त्याच क्षणी हवं असतं. मागून येणाऱ्यांमुळं तो घसरला तर तेही. नव्वद हजारांची यादी दर वेळी पहिल्यापासून मोजायची म्हटलं तर सर्व्हर आडवा होईल. म्हणून पुंजारामांनी नऊ वर्षांपूर्वी एक झाड लिहिलं.

झाड म्हणजे कागदावर काढतात तसं, मूळ वर आणि फांद्या खाली. प्रत्येक गाठीवर एक मूल. जास्त गुणांची मुलं त्या गाठीच्या डाव्या बाजूला, कमी गुणांची उजव्या. गुण सारखे असतील तर जन्मतारीख, तीही सारखी असेल तर बैठक क्रमांक. म्हणजे बरोबरीचा प्रश्नच नाही. आणि प्रत्येक गाठीवर एक आकडा: मी धरून माझ्याखाली एकूण किती. हा आकडा म्हणजे बिनकार्डच, असं ते स्वतःच सांगायचे. खण उघडायचे नाहीत, कार्डं वाचायची.

कुणाचा नंबर काढायचा तर वरून निघायचं. उजवीकडं वळावं लागलं की डावीकडं राहिलेल्या सगळ्यांचा आकडा आणि त्या गाठीचा एक, असं जमेस धरायचं. त्या मुलाशी पोचलात की त्याच्या डावीकडचे आणि तो स्वतः, हेही धरायचे. बेरीज हा त्याचा नंबर. उलट, दोनशेवा कोण असं विचारलं तरी तेच कार्ड कामाला येतं. वरच्या गाठीच्या डावीकडं दीडशे असतील तर ती गाठ एकशे एक्कावन्नावी. मग उजवीकडं जायचं आणि तिथला एकोणपन्नासावा शोधायचा. नव्वद हजारांत वीसेक पावलांत उत्तर. पुंजारामांच्या आयुष्यात अभिमानानं बोलण्यासारख्या दोनच गोष्टी मी ऐकल्या: एक हे झाड आणि दुसरी त्यांच्या बायकोच्या, सत्यभामावहिनींच्या, हातची शेंगदाण्याची चटणी. चटणी मी खाल्लीय, अभिमान योग्य आहे.

यंदा परीक्षा पहिल्यांदाच मोबाइलवर झाली. आधी केंद्रांवर व्हायची. निकाल लागला, पहिल्या दोनशेंना मेसेज गेले, पाचशे जणांची यादी साइटवर टाकली. प्रवेशाचं समुपदेशन शनिवारी होतं, आणि संस्थेचा नियम कडक: शनिवारी हजर तो आत. प्रतीक्षा यादी वगैरे भानगड नाही, रिकाम्या राहिल्या जागा तर राहू देत.

सोमवारी एक फोन आला. काकासाहेब नावाचे गृहस्थ, बिडकीनजवळच्या गावातून. म्हणाले, पोरीला मेसेज आला नाही, यादीत नंबर दोनशे सात हाय, पण यादीत गफलत हाय. आता निकालानंतर असे फोन मला दिवसाला साठ येतात. प्रत्येकाचं पोर हुशार आणि प्रत्येक यादीत गफलत. मी म्हटलं, यादी कॉम्प्युटर करतो, तो चुकत नाही. मंगळवारी पुन्हा तेच. म्हणाले, मधले काही नंबरच नाहीत. मी आकाशला विचारलं. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, सारखे गुण असले की नंबर सुटतात, सांग त्यांना. मी सांगितलं. सारख्या गुणांचं आमच्याकडं तसं होत नाही, हे मला नऊ वर्षं ऐकून माहीत होतं. तरी सांगितलं, कारण लाइनवर अजून पाच जण होते. बुधवारी त्यांनी पुन्हा फोन केला तेव्हा मी उचललाच नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

गुरुवारी सकाळी ते स्वतः आले.

पन्नाशीच्या आतबाहेरचा माणूस, अंगात कारखान्याचा निळा शर्ट, सोबत पोरगी. श्रेया तिचं नाव. दोन वेण्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दहावीची गुणपत्रिका. जिना चढून दोघांना धाप लागली होती. काकासाहेबांनी खुर्चीवर बसायच्या आधी टेबलावर यादीची छापील पानं पसरली. प्रत्येक नावापुढं पेन्सिलीची उभी रेघ, दर पाचव्याला आडवा छेद. आणि सात ठिकाणी लाल गोल.

त्यांचं म्हणणं साधं होतं. ते वाळूजला एका कंपनीत डिस्पॅचला आहेत, गाडीत चढणारा माल मोजणं हेच काम. यादी त्यांनी मालासारखी मोजली. एक्केचाळीसच्या खाली थेट त्रेचाळीस. सदुसष्टच्या खाली एकोणसत्तर. असे दोनशेच्या आत सात नंबर गळालेले. म्हणजे श्रेयापुढं दोनशे सात लिहिलेलं असलं, तरी तिच्या वर माणसं एकशे नव्व्याण्णवच.

"म्या तीनदा मोजलं," ते म्हणाले. "बेचाळिसावा कोण हाय, तेवढं सांगा. असंल तर आम्ही जातो."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं, चढलेल्या आवाजाला उत्तर देण्याचा मला बारा वर्षांचा सराव आहे. शेजारी पुंजारामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पानं आपल्याकडं ओढली.

त्यांनी पहिला लाल गोल बघितला, दुसरा बघितला. मग स्क्रीनवर झाडाला तोच प्रश्न विचारला: बेचाळिसावा कोण? नाव यायला हवं होतं. काहीच आलं नाही, रिकामी ओळ. त्यांनी अडुसष्टावा विचारला. तीही रिकामी. मग दोनशेवा विचारला, तेव्हा एक नाव आलं, आणि काकासाहेबांच्या पेन्सिलीच्या रेघांनी ते नाव एकशे त्र्याण्णवावं होतं.

पुंजारामांचा चेहरा मी बघत होते. चूक सापडल्यावर माणूस दचकतो. हे दचकले नाहीत, नुसते खुर्चीत मागं टेकले. घरी जाऊन झोपावं असं वाटतंय, एवढंच त्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मला म्हणाले, यांना चहा सांगा, आणि वळून आपला जुना प्रोग्राम उघडला. नऊ वर्षांपूर्वीचा, स्वतःचा. चूक दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकायची सोय नव्हती. अर्धा तास ओळ न् ओळ वाचत राहिले. तोवर श्रेयानं चहा प्यायला आणि कप उगाच नॅपकिननं पुसून ठेवला. मी तिला विचारलं, मोबाइलवर परीक्षा देताना त्रास झाला का? म्हणाली, गावात रेंज नव्हती, टाकीजवळ उभं राहून दिली. 'सबमिट' दाबलं की गोल गोल फिरायचं. बाकीच्या पोरींनी तीन-तीनदा दाबलं. हिनं भीतीनं एकदाच दाबलं आणि वाट बघत राहिली.

पुंजारामांनी मान वळवली. "ज्यांनी दोनदा दाबलं त्यांच्यापायीच," ते म्हणाले.

मग त्यांनी काकासाहेबांना समजावून सांगितलं. मालकाला सांगायच्या आधी त्यांना सांगितलं, हे मी नंतर आकाशला कळू दिलं नाही. झाडात नवं मूल घालताना प्रोग्राम वरून खाली येतो आणि वाटेतल्या प्रत्येक कार्डावर एक-एक वाढवत येतो, कारण खाली एक जण वाढणारच असं त्यानं धरलेलं असतं. खाली पोचल्यावर कळतं की हे मूल आधीच झाडात आहे, तीच उत्तरपत्रिका दुसऱ्यांदा आलीय. तेव्हा तो तिला आत घेत नाही, गुपचूप परत फिरतो. तेवढं बरोबर. पण वाटेतल्या कार्डांवर वाढवलेले एकेक तसेच राहतात. झाडात मुलं बरोबर, क्रम बरोबर, कुणी दोनदा नाही. नुसती कार्डं खोटी. अशा दुबार पत्रिका दोनशेच्या आत सात आल्या होत्या. प्रत्येकीच्या खाली जवळच कुठंतरी एक नंबर गळाला आणि त्याच्या मागचे सगळे एकेक पायरी खाली ढकलले गेले.

काकासाहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. "म्हंजी चलन दोनदा आलं, माल एकदाच आला, अन् कार्डावर दोनदा चढवला."

"व्हय," पुंजाराम म्हणाले. "माल बघायच्या आधीच चढवला."

ते इतकं हळू म्हणाले की काकासाहेबांना त्यात काही वेगळं ऐकू आलं नसेल. मला आलं. बारा वर्षं प्रत्येक नव्या पोराला ऐकवलेली गोष्ट आणि त्यांनी स्वतः नेमकं तेच केलं होतं. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली. दया आलेली त्यांना आवडली नसती, म्हणून मी उगाच फोन उचलून कानाला लावला.

दुरुस्ती दहा मिनिटांची निघाली. आधी खाली जाऊन मूल झाडात आहे का बघायचं, नसेल तरच कार्डं वाढवायची. मग सगळी जुनी कार्डं पुसून मुळापर्यंत खालून वर मोजत आणली: डावीकडचे, उजवीकडचे आणि मी एक. मुळाच्या कार्डावर आधी एक्क्याण्णव हजार दोनशे साठ होते, ते नव्वद हजार आठशे सत्तेचाळीस झाले. चारशे तेरा माणसं नव्हतीच. पुन्हा विचारलं, बेचाळिसावा कोण? नाव आलं. दोनशेवा कोण? श्रेया काकासाहेब, आणि पुढं तिचं आडनाव.

पोरगी स्क्रीनकडं बघत राहिली. हसली नाही. बापाकडं बघितलं आणि म्हणाली, "मग शनिवारी जायचं?"

पुंजाराम उठून आकाशच्या केबिनमध्ये गेले.

केबिनची भिंत काचेची आहे आणि दार नीट लागत नाही, त्यामुळे मला कान लावावे लागले नाहीत. आकाश वाईट माणूस नाही. त्याला फक्त एप्रिल दिसत होता. एप्रिलमध्ये त्या संस्थेचा करार संपतो. त्याचं म्हणणं, संस्थेला पत्र द्यायचं म्हणजे नऊ वर्षांच्या निकालांवर आपणच बोट ठेवायचं. सात पोरांसाठी कंपनीतली अकरा माणसं घरी बसायची का? पुढच्या वर्षीसाठी दुरुस्त करा, या गृहस्थांना सांगा की नंबर छापण्यात चुकले. आणि तेही म्हणाला जे माझ्याही मनात येऊन गेलं होतं: सर, मेसेज पाठवताना आणि यादी छापताना वरून नुसतं एक, दोन, तीन मोजलं असतं तर ही वेळच आली नसती.

खरं होतं ते. प्रत्येक नावाचा नंबर पुंजारामांनी झाडालाच विचारून छापला होता. झाडावर एवढा जीव.

त्यांनी कंबर दाबली. मग म्हणाले, "आकाश, मी दमलोय. खोटं बोललो तर ते रोज ध्यानात ठिवावं लागंल. आता तेवढी ताकद नाय माझ्यात. पत्रावर माझं नाव टाक."

यात काही शौर्य नव्हतं. माणूस खरंच दमलेला होता आणि दोन ओझ्यांतलं त्यातल्या त्यात हलकं उचलत होता. आकाशनं टेबलावरचा पेपरवेट दोन-तीनदा फिरवला आणि शेवटी म्हणाला, लिहा.

पत्र त्यांनी एका पानात लिहिलं. चूक काय, कुणाची, किती मुलं सुटली, त्यांची नावं. 'तांत्रिक कारणास्तव' हा शब्द आकाशनं दोनदा घातला आणि त्यांनी दोनदा काढला. संस्थेनं शुक्रवारी दुपारी कळवलं, सातही मुलांना बोलवा. मी सातही घरी फोन लावले. एरवी लोक माझ्यावर ओरडतात. त्या दिवशी एका बाईनं माझ्या सातही पिढ्यांचं भलं चिंतलं. मी कशाला नको म्हणू? शनिवारी सहा हजर झाली. सातव्यानं आधीच दुसरीकडं प्रवेश घेतला होता. श्रेया पहिल्या बसनं आली होती, सकाळी साडेसातला गेटवर.

करारही टिकला, निदान अजून तरी. पण झाड पुंजारामांकडून काढून घेतलं. आकाशनं ते दोन नव्या पोरांना दिलं, म्हणाला, सर, तुम्हाला जरा आराम. पुंजाराम म्हणाले, बरं झालं. उशी झटकली आणि बसले. मला मेलं ते 'बरं झालं' ऐकवेना.

हे इथंच संपलं असतं तर मी लिहायला बसलेच नसते.

पुढच्या आठवड्यात रिकामा वेळ होता म्हणून, किंवा तो माणूसच तसा म्हणून, त्यांनी मागच्या आठ वर्षांच्या नोंदी काढल्या. उत्तरपत्रिका ज्या क्रमानं आल्या त्याच क्रमानं एकदा जुन्या झाडात ओतल्या, एकदा दुरुस्त झाडात. मी म्हटलं, कशाला उकरताय? तेव्हा परीक्षा केंद्रावर होत होती, तिथं कोण दोनदा दाबणार? ते म्हणाले, बघून घेतो फक्त. सात वर्षं कार्डं जुळली. सहा वर्षांपूर्वीच्या परीक्षेत मुळाच्या कार्डावर एक जास्त निघाला. एका केंद्रावर वीज गेली होती, परत आल्यावर एका मशिननं तीच उत्तरपत्रिका पुन्हा पाठवली. फक्त एक. ती पत्रिका एकशे बाराव्या मुलाची होती. त्याच्याखाली नंबर एकानं सरकले, आणि दोनशेव्या जागेवर खरंतर जो होता तो यादीत दोनशे एकावा छापला गेला.

त्याचं नाव सत्यम. माझ्याकडं त्याचा जुना नंबर होता, अर्जावर बापाचा मोबाइल लिहिलेला. मी म्हटलं, मी लावते. ते म्हणाले, नको, मी बोलतो. बापानं पोराचा नंबर दिला. दुपारची वेळ, जेवणाची सुटी. पोरगा वाळूजलाच निघाला, एका कंपनीत कंत्राटी, प्रेस मशिनवर. राहायला बजाजनगरात, पुंजारामांच्या घरापासून दोन गल्ल्या मागं. फोन त्यांनी स्पीकरवर ठेवला होता. मुद्दाम नव्हे, त्यांना तो बंद करता येत नाही. प्रोग्रामर आहेत म्हणे.

पुंजारामांनी आपलं नाव सांगितलं, परीक्षा सांगितली. पलीकडं मशिनचा आवाज येत होता. पोरगं म्हणालं, "कोणती परीक्षा, सर? लई दिल्या तवा."

त्यांनी वर्ष सांगितलं. मग तो म्हणाला, हां, ती. दोनशे एक.

सहा वर्षांनी नंबर पाठ होता.

पुंजारामांनी सांगायला सुरुवात केली, वीज, मशिन, कार्ड, आणि मध्येच थांबले. ते सगळं त्याच्या काय कामाचं? मग सरळ म्हणाले, "तू दोनशे एकावा नव्हतास. दोनशेवा होतास. चूक माझी होती."

पलीकडं मशिन चालूच होतं. मला वाटलं शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं. पुंजारामही त्याचीच वाट बघत असावेत. टेबलाची कड धरून ते बसले होते. जागा तर आता परत देता येत नव्हती, दोन वर्षं राहणं नाही, जेवण नाही, काहीच नाही.

"सर," तो शेवटी म्हणाला, "हे कागदावर लिहून द्याल का? बापाला दाखवायचंय. तो अजून म्हणतो, एका नंबरानं हुकला म्हंजी एवढा अभ्यास केला नाय."

पुंजाराम 'देतो' म्हणाले. फोन ठेवला. तेव्हा त्यांनी घड्याळाकडं बघितलं नाही. ड्रॉवरमधून कंपनीचा छापील कागद काढला, आकाशला न विचारता, आणि हातानं लिहायला लागले. टाइप का करत नाही असं मी विचारलं नाही. नाव लिहिलं, बैठक क्रमांक लिहिला, परीक्षेचं वर्ष लिहिलं. मग नंबर लिहायच्या आधी त्यांनी मला दुरुस्त झाडाला पुन्हा एकदा विचारायला सांगितलं. मी विचारलं. सत्यम, दोनशेवा. त्यांनी आधी माझ्या स्क्रीनवर वाकून स्वतः बघितलं, आणि मगच कागदावर आकडा चढवला.